नातू नाशिकला गेला, टीव्हीवरचे ट्रक जाईनात

अलका काकू (बी-३०४): नमस्कार मंडळी. नातू २० दिवस राहून परवा नाशिकला गेला. पण टीव्हीवर यूट्यूब लावलं की अजूनही जेसीबी, ट्रक आणि तो चिकट लगदा, स्लाइम की काय. माझी कीर्तनं आणि पाककृती कुठे गेल्या कळत नाही. ह्यांचा रोज सकाळी जीव खालीवर होतो. कोणी सांगेल का?

देशपांडे काका (ए-१०१): टीव्ही फॅक्टरी रीसेट करा. सगळं जातं.

वैशाली (ए-२०२): काकू, आमच्याकडेही हेच. भाचा आला होता. मी रिमोटनेच केलं. यूट्यूबमध्ये डावीकडे खाली Settings, तिथे खाली सरकत गेलं की "Clear watch history" आणि "Clear search history" असे दोन पर्याय दिसतात. दोन्ही दाबायचे, एकच दाबून भागत नाही.

अलका काकू: दोन का गं?

वैशाली: एकात बघितलेलं असतं, दुसऱ्यात शोधलेलं. नातवाने रिमोटच्या माइकवर "जेसीबी" म्हटलं असेल ना, ते शोधलेल्यात राहतं.

निखिल (सी-१०१): काकू, थांबा! काही दाबू नका. आधी सांगा, टीव्हीवर अकाउंट कोणाचं आहे?

अलका काकू: मंदारनेच लावून दिलंय, बंगळूरहून आला होता तेव्हा. त्याचंच असेल.

निखिल: मग दाबलंत तर मंदारच्या फोनवरचा आणि लॅपटॉपवरचा सगळा इतिहास पुसला जाईल. तो टीव्हीत नसतो, गुगलच्या अकाउंटमध्ये असतो. ते अकाउंट जिथे जिथे लावलंय तिथे सगळीकडे परिणाम होतो. एकदा पुसलेलं परत आणता येत नाही.

देशपांडे काका: म्हणूनच म्हणतो, फॅक्टरी रीसेट.

निखिल: काका, आदराने सांगतो, रीसेटने टीव्हीतली अ‍ॅप्स आणि वायफायचा पासवर्ड जाईल. पुन्हा तेच अकाउंट लावलं की तेच ट्रक पहिल्या मिनिटाला समोर. कॅश पुसली तरी तेच.

शैला मावशी (बी-१०३): अगदी खरं. गेल्या वर्षी आमच्याकडे रीसेट केला आणि केबलचा सेट-टॉप जोडायलाच दोन दिवस गेले. यूट्यूब मात्र होतं तसंच.

देशपांडे काका: तुमच्या टीव्हीचं वेगळं असेल. आमचा झाला होता व्यवस्थित.

वैशाली: काका, तुमच्याकडे अकाउंटच लावलेलं नव्हतं, म्हणून झाला. साइन-इन नसेल तर जो काही इतिहास असतो तो त्या टीव्हीतल्या अ‍ॅपमध्येच राहतो. (आणि तुमची स्कूटर आजही माझ्या जागेत आहे.)

देशपांडे काका: स्कूटरचा इथे काय संबंध? ती पाहुण्यांच्या जागेत आहे.

सेक्रेटरी (ए-३०१): पार्किंगचा विषय वार्षिक सभेत. इथे फक्त टीव्ही.

अलका काकू: मग मी काय करू रे निखिल? मंदार रागवायला नको. त्याचं ऑफिसचं काय काय असतं त्यात.

निखिल: सगळं पुसायची गरजच नाही, फक्त नातवाचे दिवस पुसायचे. कधीपासून कधीपर्यंत होता?

अलका काकू: २० एप्रिलला आला, १० मेला गेला.

निखिल: मंदारला फोन करून हे करायला सांगा. फोनवर यूट्यूब उघडायचं, Settings मध्ये "Manage all history". तेच पान ब्राउझरमधून myactivity.google.com वर YouTube History मध्येही मिळतं. तिथे "Delete", मग "Delete custom range", आणि तारखा २० एप्रिल ते १० मे. त्या काळातलं बघितलेलं आणि शोधलेलं दोन्ही जातं. आधीचं सगळं राहतं, म्हणजे तुमची कीर्तनंही.

अलका काकू: आणि त्या २० दिवसांत मंदारने स्वतः बघितलं ते?

निखिल: तेही जाईल, एकच अकाउंट आहे म्हणून. ते नको असेल तर त्याच पानावर चॅनेलचं नाव शोधून नेमके ट्रकचेच व्हिडिओ काढता येतात. एकेक करत वेळ लागेल, पण त्याचं काही जाणार नाही.

शैला मावशी: आमच्या लेकीने सगळंच उडवलं होतं. होम पेज पूर्ण कोरं, नुसतं "Try searching to get started". आम्हाला वाटलं टीव्हीच गेला. मेकॅनिकला बोलावलं, त्याने येण्याचे पैसे घेतले.

निखिल: मावशी, ते तसंच दिसतं. इतिहासच नाही तर सुचवणार काय? चार-पाच व्हिडिओ शोधून बघितले की पुन्हा भरायला लागतं.

देशपांडे काका: रीसेट केला तरी कोराच होतो. तेच मी म्हणत होतो.

वैशाली: काका 🙏

गिरीश (सी-४०२): नेटफ्लिक्सचंही सांग ना रे. बायकोच्या प्रोफाइलवर पाहुण्यांनी भुताचे सिनेमे लावले, आता तिला रात्री तेच दिसतात.

निखिल: तिथे ब्राउझरमधून netflix.com/viewingactivity उघड आणि तिचं प्रोफाइल निवडलेलं आहे ना ते बघ. ज्या सिनेमाचं नाव आहे त्याच्या उजवीकडे तिरकी रेघ असलेलं गोल चिन्ह असतं, ते दाबून लपवायचं. सगळ्या डिव्हाइसवरून जायला २४ तासांपर्यंत लागतात, लगेच गेलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा करू नकोस. मुलांच्या प्रोफाइलवर मात्र असं लपवता येत नाही.

गिरीश: त्यापेक्षा पाहुण्यांनाच वेगळं प्रोफाइल द्यावं.

निखिल: तेच उत्तम. यूट्यूबवरही गेस्ट म्हणून बघता येतं, अकाउंट बदलायच्या पडद्यावर पर्याय असतो. "Pause watch history" हाही मार्ग आहे, पण तो लावलात तर मंदारच्या फोनवरचंही नोंदवणं थांबेल, आणि पाहुणा गेल्यावर तो पुन्हा चालू करायची आठवण ठेवावी लागेल.

अलका काकू: मंदारशी बोलले. रात्री करतो म्हणाला. सगळ्यांचे आभार.

*(दुसऱ्या दिवशी, सकाळी ७ वाजून १० मिनिटे)*

अलका काकू: मंडळी, कीर्तनं परत आली! पण एक जेसीबीचं चॅनेल अजून मध्येच डोकावतंय. मंदार म्हणतो, तारखा बरोबर टाकल्या होत्या.

निखिल: काकू, नातवाने त्या चॅनेलला सबस्क्राइब केलं असणार. सबस्क्रिप्शन आणि लाइक ही इतिहासापासून वेगळी असतात, इतिहास पुसून ती जात नाहीत. टीव्हीवर डावीकडे Subscriptions बघा.

अलका काकू: आहे रे! तीन आहेत, तिन्ही त्याचीच.

निखिल: प्रत्येक चॅनेल उघडून Subscribed दाबा आणि काढा. लाइक केलेले व्हिडिओ मंदारला फोनवरून काढता येतील.

अलका काकू: काढली. हे आत्ता हरिपाठ लावून बसले आहेत.

देशपांडे काका: आता एकदा बंद करून चालू करा.

सेक्रेटरी: टाकी धुण्यासाठी आज ११ ते २ पाणी बंद. कृपया आधीच भरून ठेवा.