उत्तर: बीसीजीचा हिशेब डोसांत नको, कुप्यांत करा

«महिन्याला बारा बाळं, दहा डोसांची बीसीजीची कुपी. तरी निम्म्याहून जास्त औषध फेकावं लागतंय. किती मागवू?»

बारा बाळं म्हणजे दोन कुप्या, हा हिशेबच फसवा आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची एमआर लस द्रावकात मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरली की टाकायची. त्यामुळे कुप्या बाळांवर नाही, तुम्ही किती दिवस लस देता त्यावर ठरतात. बारा बाळं बारा वेगवेगळ्या दिवशी आली तर बारा कुप्या उघडाव्या लागतील, १२० पैकी १०८ डोस वाया. तेच दर बुधवारी बोलावलं तर चार कुप्या, वाया २८.

आमच्याकडे चार कुप्या अधिक एक राखीव एवढंच मागवतो. द्रावक कुप्यांइतकंच, तेही आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये. कोमट द्रावकाने लस खराब होते. पण बुधवार नाही म्हणून लांबून आलेल्या बाळाला परत पाठवू नका, एक कुपी गेली तर गेली.

धनुर्वात-घटसर्पाची टीडी आणि पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट यांना हा चार तासांचा नियम लागू नाही. उघडलेली कुपी २८ दिवस चालते, अट इतकीच की मुदत संपलेली नसावी, कुपीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा, म्हणजे व्हीव्हीएमचा, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाहून फिकट असावा आणि झाकण पाण्यात बुडालेलं नसावं. उघडल्याची तारीख-वेळ लेबलवर लिहायला सिस्टरांना सांगा. आणि या कुप्या फ्रीझरला चिकटवून ठेवू नका. गोठलेली टीडी दिसायला ठीकच वाटते, पण निकामी झालेली असते.