प्रतिसाद: तुलनेसाठी सह्या कोणत्या काळातल्या?

> "वडिलांच्या वीस वर्षांपूर्वीच्या सह्या तज्ज्ञाला दिल्या तर चालतील ना?"

मृत्युपत्रावरची वडिलांची सही खरी की खोटी, हे हस्ताक्षरतज्ज्ञाकडून तपासून घेताना फक्त त्याच दिल्यात तर फटका बसेल. ऐंशीच्या घरातल्या माणसाची सही थरथरते, मग खरी सहीही खोटी वाटू शकते. मृत्युपत्राच्या तारखेच्या आगेमागे वर्षभरातल्या, वाद सुरू होण्याआधीच्या आणि समोरच्यालाही मान्य असलेल्या आठ-दहा सह्या शोधा. चेक, पेन्शनचे फॉर्म, पण मूळ कागदच हवेत. झेरॉक्समध्ये पेनाचा दाब दिसत नाही.

म्हातारपणाची थरथर अनियमित असते, तरी हात पुढे जात राहतो. गिरवलेल्या सहीत रेघ संथ, एकसारख्या दाबाची असते आणि पेन भलत्याच जागी, अक्षराच्या मध्यावर उचललेलं दिसतं. तरीही तज्ज्ञाचं ते मतच. साक्षीदारांची उलटतपासणी सोडू नका.