मदत हवी आहे: फोटो १६० बाय २०० चाच, तरी ५८० केबी! आणि दाखला ‘अस्पष्ट’ म्हणून परत

सड्यावरची

नमस्कार मंडळी. देवगडकडच्या एका गावात राहते. धाकट्या भावाच्या नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज आपले सरकारवर मीच भरतेय. केंद्रात जायचं तर एसटीत अर्धा दिवस जातो आणि तिथे रांग वेगळीच. दोन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिला फोटो. पोर्टलला जेपीईजी हवाय, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२, वजन ५ ते २० केबी. बाजारातल्या स्टुडिओवाल्याला हे सगळं लिहून दिलं होतं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून फाइल पाठवली. मोजून बघितली, बरोबर १६० बाय २००. पण वजन ५८० केबी! एवढ्याशा फोटोत एवढं काय भरलंय? लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटी ९० वरून पार १० वर आणली, तर भावाचं तोंड चौकटीचौकटीचं झालं आणि फाइल ५४८ केबी.

दुसरा बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, १९८१ चा. कधीतरी लॅमिनेट केलेला, आत बुरशीचे ठिपके. मोबाइलवर काढलेला फोटो ४ एमबीच्या वर होता, तो एका साइटवर दाबून ६२ केबी केला. पोर्टलने घेतला नाही, कारण कागदपत्राला ७५ ते ५०० केबी ही मर्यादा आहे. मग तीच ६२ ची फाइल क्वालिटी १०० ठेवून पुन्हा सेव्ह केली, ती झाली १९० केबी. अपलोड झाली, मी खूश. आठवड्याने अर्ज परत, शेरा: “दाखला अस्पष्ट, पुन्हा जोडावा.” १९० केबीची फाइल अस्पष्ट कशी?

लादीपाव

ताई, सोपं आहे. फोटो स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून नको, साधा फोटो म्हणून. मग डाउनलोड करा, आपोआप हलका होतो. दाखल्याचंही तसंच करा. मी सगळी कागदपत्रं ४० केबीची करून ठेवलीयत, कुठेही चालतात.

सड्यावरची

४० चालणार नाही हो, ७५ च्या खाली पोर्टल घेतच नाही. वर लिहिलंय ना.

चाकरमानी_लालबाग

सहीचं पण असंच आहे. माझ्या पुतण्याचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म दोनदा अडला. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी, सगळं बरोबर बसवलं, तरी नाही. तर तुमची सही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आहे का ते आधी बघा.

सड्यावरची

काका, माझ्या अर्जात सहीची अडचणच नाहीये.

जुना_ऑपरेटर

चाकरमानी, आयबीपीएसच्या फॉर्मला ते लागू आहे, कॅपिटल अक्षरांतली सही ते घेत नाहीत. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, नेहमी करतो तशी सही करायला सांगा. पण तो विषय वेगळा.

सड्यावरची, क्वालिटी ९० वरून १० वर आणली आणि ३२ केबीच कमी झाले, यातच उत्तर आहे. म्हणजे त्या फाइलमध्ये चित्र जेमतेम ३५ केबीचं. उरलेले साडेपाचशे चित्राचे नाहीतच, कितीही दाबा, ते हलणार नाहीत. एक काम करा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, `Properties`, मग `Details`. तिथे `Bit depth` समोर किती दिसतंय?

सड्यावरची

३२.

जुना_ऑपरेटर

झालं तर. साध्या रंगीत जेपीईजीला तिथे २४ येतं. तुमचा फोटो सीएमवायकेमध्ये आहे, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबात. तो स्टुडिओवाला लग्नपत्रिका, बॅनर पण करतो का?

सड्यावरची

हो! दुकानाबाहेर गणपतीचे बॅनर लावलेलेच असतात. तुम्हाला कसं कळलं?

जुना_ऑपरेटर

त्यात जादू नाही, अठरा वर्षं हेच केलंय. बॅनरचं काम करणाऱ्याचं फोटोशॉप सीएमवायकेवर लावलेलं असतं. सेव्ह करताना छापखान्याचं कलर प्रोफाइल फाइलला चिकटतं. कुठल्या शाईचा कागदावर कसा रंग उतरेल याचा तो तक्ता असतो आणि नेहमीच्या प्रोफाइलचं वजन साडेपाचशे केबीच्या आसपास भरतं. मोठ्या बॅनरच्या फाइलमध्ये ते कुणाला दिसत नाही. तुमच्या टीचभर फोटोला मात्र ते म्हणजे बोकडाच्या पाठीवर बैलगाडी.

त्याला एवढंच सांगा: आधी `Image > Mode > RGB Color` कर, मग `File > Export > Save for Web` मधून जेपीईजी काढ. तिथे `Convert to sRGB` वर टिक, `Embed Color Profile` वरची टिक काढ, `Metadata` ला `None`. क्वालिटी ७०-८० ठेवली की १६० बाय २०० चा फोटो २० च्या आत आरामात बसतो. फार खाली नेलीत तर ५ च्या खाली जाईल, मग तेही चालणार नाही.

लॅपटॉपवर इमेजमॅजिक हे चित्रं बदलायचं सॉफ्टवेअर असेल तर स्टुडिओत जायचीही गरज नाही, ही कमांड चालवा:

```
magick foto.jpg -colorspace sRGB -strip -quality 80 foto2.jpg
```

`-strip` ने चिकटलेलं सगळं सुटतं. पण `-colorspace` आधीच हवं. चित्र सीएमवायकेतच ठेवून नुसतं प्रोफाइल काढलंत तर रंगाचा भरवसा नाही. असंही रंग थोडे भडक होतील. चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसला तर मुकाट्याने स्टुडिओवाल्याकडूनच करून घ्या.

लादीपाव

मग माझी व्हॉट्सअ‍ॅपची युक्ती पण तेच करते की.

जुना_ऑपरेटर

फोटोपुरतं कदाचित जमेलही, फोनने ती फाइल नीट उघडली तर. दाखल्याला मात्र ती लावू नका. मोठं चित्र व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या मर्जीने लहान करतं आणि दाबतं, मग बारीक अक्षर जातं ते जातंच.

खाडीकाठ

माका पण असाच झाला होता. दाखलो पावसात भिजलो, सुकवक चुलीच्या वर टांगलो, तो पिवळो पडलो. आता स्कॅन केला तर नुसतो पापड दिसता. त्याचा काय करूचा?

जुना_ऑपरेटर

खाडीकाठ, खाली लिहितोय ते तुमच्या पापडालाही लागू आहे.

दाखल्याचं असं झालं. ६२ केबी करताना त्या साइटने अक्षरांच्या कडा टाकून दिल्या. नंतर क्वालिटी १०० ठेवून सेव्ह केलंत तेव्हा उरलेला धुरळा जसाच्या तसा जपायला १९० केबी लागले. केबी वाढले, अक्षर कुठून परत येणार? पोर्टल फक्त वजन बघतं, म्हणून त्याने घेतलं. टेबलावरच्या माणसाला वाचायचं होतं, त्याने परत पाठवलं. त्याचं काही चुकलं नाही.

मूळ ४ एमबीचा फोटो असेल तर तिथूनच सुरुवात करा. पण लॅमिनेशनवर चमक आली असेल तर तोही सोडा आणि नवा काढा. फ्लॅश नको, ट्यूबलाइटखाली नको. सकाळी नऊ-दहाला पडवीत, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, दाखला काळ्या कापडावर सपाट ठेवा. मोबाइल बरोबर वरून धरा. चमक दिसली तर मोबाइल नाही, दाखला फिरवा.

मग कडा कापा आणि रुंदी १३०० पिक्सेलवर आणा, उंची आपोआप येईल. ही पायरी क्वालिटीच्या आधी करायची. लोक उलटं करतात: ४००० पिक्सेलचं चित्र तसंच ठेवतात आणि क्वालिटी १५ वर नेतात. मग प्रत्येक अक्षराभोवती राख सांडल्यासारखी दिसते. १३०० रुंदी आणि क्वालिटी ६५ ला तेच अक्षर स्वच्छ राहतं.

त्यानंतर रंग काढून करडं करा आणि ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, पार्श्वभूमी पांढरट होईपर्यंत. कागदाचा पिवळेपणा, दाणे, बुरशीचे ठिपके हे सगळं जेपीईजीला चित्रच वाटतं आणि केबी तिथे खर्च होतात. पार्श्वभूमी सपाट झाली की तेवढ्याच वजनात अक्षराला जास्त जागा मिळते. नुसतं काळं-पांढरं मात्र करू नका, जांभळा शिक्का उडून जातो. आणि फिकट अक्षर पेनाने किंवा पेंटमध्ये गडद करायचा मोह झाला तर हात आवरा. ती खाडाखोड धरतात.

आंबोळी

करडं करा हे मला पटत नाही. माझ्या नणंदेचा दाखला करडा जोडला होता, तर “झेरॉक्स जोडली आहे, मूळ प्रत जोडावी” असा शेरा आला. रंगीत ठेवल्यावर गेला. शिक्का जांभळा दिसला की बघणाऱ्याला मूळ प्रत वाटते.

जुना_ऑपरेटर

हा अनुभव मला नाही, पण शक्य आहे. पूर्वी १०० केबीत बसवायचं असायचं तेव्हापासून करड्याची सवय लागली. आता ५०० आहेत, तर रंगीत बसतंय का ते आधी बघा. ४५० च्या वर जायला लागलं तरच करडं.

सड्यावरची

आज सकाळी केलं सगळं. स्टुडिओवाल्याला तुमचा निरोप वाचून दाखवला, तो म्हणाला, “आयला, मग त्या दहा पोरांचे पण असेच गेले असतील.” नवा फोटो १४ केबी. पोर्टलने पहिल्या झटक्यात घेतला.

दाखला पडवीत काढला. आईचं काळं लुगडं खाली. तीन वेळा चमक आली, चौथ्यांदा दाखला आडवा फिरवल्यावर गेली. १३०० रुंदी, रंगीतच ठेवला, क्वालिटी ६५, वजन ३३६ केबी. जनरल रजिस्टर नंबर वाचता येतोय, जन्मतारीख अक्षरी लिहिलीय ती पण. फक्त गोल शिक्क्यातली खालची दोन अक्षरं फुटलीयत.

जुना_ऑपरेटर

मूळ कागदावर फुटलीयत की फोटोत?

सड्यावरची

मूळ कागदावरच. बुरशीने खाल्लीयत.

जुना_ऑपरेटर

मग ती तशीच राहू देत. जातीचा रकाना १०० टक्के झूमवर वाचता येतो का तेवढं बघा. नॉन-क्रिमीलेअरला आधी नजर तिथेच जाते.

सड्यावरची

येतो. अजून एक: दाखल्याच्या मागे हेडमास्तरांचा दोन ओळींचा शेरा आणि सही आहे. आधी मी मागची बाजू जोडलीच नव्हती. ती पण लागते का?

आंबोळी

आमच्याकडे मागितली नाही.

जुना_ऑपरेटर

मी असतो तर जोडली असती. दोन्ही बाजू एकाखाली एक ठेवून एकच चित्र करा, रुंदी १३०० च ठेवा. मागची बाजू बहुतेक कोरी आहे, शंभरएक केबीच वाढतील, ५०० च्या आत राहाल.

सड्यावरची

करते. आत्ता लाइट गेलीय, लॅपटॉप १२ टक्क्यांवर आहे. संध्याकाळी आली तर अपलोड करून इथे कळवते.

खाडीकाठ

माझ्या पापडाचा फोटो काढलंय पडवीत. अक्षरा दिसतत, पण मधेच चुलीचो काळो डाग इलो हा, नेमको जन्मतारखेवर. ता काय करूचा?