मदत हवी आहे: मृत समुद्रात पोहता न येणारा माणूसही कसा तरंगतो?

कोथरूडची लेक:
आई जॉर्डनच्या सहलीला निघाली आहे. तिथे मृत समुद्रात उतरायचं म्हणते, पण तिला पोहता येत नाही. इथल्या तलावात मी तिला उताणी झोपवते, तर हात काढला की पाय आधी खाली जातात आणि ती घाबरून माझा दंड धरते. मग तिथे काहीच न करता कशी तरंगेल?

अनुभवी काका:
मिठाने पाणी दाट होतं, चिकट होतं. पाकात माशी अडकते तसं. शिवाय तो खोल आहे, खोल पाणी जास्त उचलतं.

प्रयोगशाळेतला:
काका, दाटपणा बरोबर, पण चिकटपणाचा संबंध नाही. खोलीचाही नाही, कमरेएवढ्या पाण्यातही तसंच उचललं जातं. प्रश्न एक लिटर पाण्याच्या वजनाचा आहे. घरी लिटरभर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. वजन १३०० ग्रॅम भरेल, पण पाणी सव्वा लिटरही होणार नाही, साधारण अकराशे मिली होईल. वजन खूप वाढतं, जागा थोडीच वाढते. मृत समुद्राचं एक लिटर पाणी सुमारे १.२४ किलो भरतं.

आता आई ६० किलोच्या धरा. तरंगायला त्यांना स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारावं लागतं. तलावात ते ६० लिटर, म्हणजे जवळपास अख्खं शरीर पाण्यात. तिथे ४८ लिटर पुरतं. उरलेलं बारा लिटर शरीर पाण्याबाहेर राहतं.

भटकी:
आम्ही लोणारला गेलो होतो, तेही खारंच ना? तिथे कोणी तरंगताना दिसलं नाही.

प्रयोगशाळेतला:
लोणार खारं आहे, पण मृत समुद्राच्या मानाने मीठ फार कमी. तेवढा उचल मिळत नाही.

लेकीसाठी महत्त्वाचं: आईंना पालथं होऊ देऊ नका. पाय आणि कंबर वर उसळतात, तोंड पाण्यात जातं आणि सरळ होणं फार अवघड जातं. ते पाणी पोटात किंवा छातीत गेलं तर दवाखाना गाठावा लागतो, मीठ फार असतं. गुडघाभर पाण्यात जाऊन हळूच मागे बसायचं. उठताना गुडघे छातीशी घ्यायचे आणि मग पाय खाली टेकवायचे. डोळ्यांना हात नको.

कोथरूडची लेक:
आत्ताच बटाटा टाकून पाहिला. साध्या पाण्यात तळाशी गेला. लिटरभर पाण्यात चमच्याचमच्याने मीठ टाकत गेले, दीडशे ग्रॅमच्या आसपास तो हलला आणि वर आला. आई बघत होती, म्हणाली, "म्हणजे मी बटाटा." पण बाबा सडसडीत आहेत, तलावात दगडासारखे बुडतात. तेही तरंगतील का?

प्रयोगशाळेतला:
बाबांनाही तो उचलेल. किती वर, ते त्यांच्या हाडामांसावर आणि छातीत किती हवा आहे यावर. आकडा सांगता येणार नाही.

अनुभवी काका:
पण चिकट लागतं ते मी स्वतः हात लावून पाहिलंय!