फाइव्ह एसच्या तक्त्यात ‘सॉर्ट’ला मराठीत काय लिहायचं?

वाळूजकर
आमच्या प्रेस शॉपचा फाइव्ह एस ऑडिटचा तक्ता मराठीत करायला घेतलाय. पाच भाग, प्रत्येक भागात पाच प्रश्न, प्रश्नाला 0 ते 4 गुण, म्हणजे एकूण 100. भिंतीवरच्या फलकावर वर्गीकरण, सुव्यवस्था, स्वच्छता, प्रमाणीकरण, शिस्त असे शब्द आहेत, तेच मी उचलले. पण काल एका ऑपरेटरनं विचारलं, “साहेब, प्रमाणीकरण म्हणजे ते सर्टिफिकेट ना, ऑफिसात फ्रेम करून लावलेलं?” मला धड उत्तर देता आलं नाही. शब्द बरोबर आहेत का?

बीडचा मास्तर
मूळ शब्द जपानी आहेत: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. इंग्रजी एस नंतर जुळवून बसवले. चौथ्याचा अर्थ प्रमाणीकरण असाच आहे, सगळीकडे एकसारखं करणं. तुमचे शब्द शुद्ध आहेत, बदलू नका.

लातूरची डाळवाली
आमच्या मिलमध्ये सॉर्टिंग म्हणजे सॉर्टेक्स. मशीन दाण्याचा रंग बघती आणि काळा दाणा, खडा हवेच्या फटक्यानं बाहेर उडवती. तुमच्या प्रेस शॉपात सॉर्टेक्स कशाला लागतंय ते कळलं नाही. आमच्याकडं तपासायला आले की आधी रिजेक्टच्या पोत्यात हात घालून बघतात.

टूलरूम काका
ताई, प्रश्न वेगळा होता, पण उत्तर तुम्हीच दिलंत. सॉर्टेक्स दाण्याचे गट पाडत नाही, नको ते बाहेर फेकतं. सेइरी म्हणजे तेच. आपल्याकडं ज्वारी निवडतात, तूर निवडतात, तेव्हा कोणी खड्यांचं ‘वर्गीकरण’ करून ते ताटाच्या एका कडेला नीट मांडून ठेवत नाही.

आणि या एका शब्दानं गुण कसे फुगतात ते ऐका. मी एका कारखान्यात डाय रॅकचं ऑडिट करायला गेलो होतो. प्रश्न होता, ‘वस्तूंचे वर्गीकरण केले आहे का?’ खालच्या कप्प्यात बंद झालेल्या मॉडेलच्या डाय, त्यावर तुटलेले पंच, त्यावर जुने क्लॅम्प. प्रत्येक कप्प्याला झकास लेबल. ‘जुने पंच’ असंसुद्धा लेबल होतं! आधीच्या ऑडिटरनं पहिल्या भागाला 20 पैकी 17 दिले होते, आणि प्रश्न वाचला तर त्याचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. वर्गीकरण झालंच होतं की.

मी प्रश्न फिरवला: ‘चालू कामाला न लागणाऱ्या किती वस्तू इथं आहेत? मोजा.’ एकही नाही तर 4, एक सापडली तर 3, दोन तर 2, तीन-चार तर 1, त्यापुढं शून्य. रॅक, टेबल, कपाट, मशीनच्या मागची जागा आणि भिंत, असे पाच ठिकाणचे पाच प्रश्न केले. तोच भाग 17 वरून 8 वर आला. सुपरवायझर रागावला, पण मोजलेल्या पंचांशी भांडणार कसा?

चिकलठाण्याची
काका, आमच्याकडं एक डाय वर्षातून एकदा लागते, एका ग्राहकाच्या सुट्या भागांसाठी. ती पण ‘नको’ मध्ये धरायची का?

टूलरूम काका
नाही. ती हवीच आहे, फक्त लाइनवर नको. रोज लागतं ते हाताशी, महिन्यातून लागतं ते शॉपच्या रॅकवर, वर्षातून लागतं ते तेल लावून स्टोअरला. शंका असेल तर लाल टॅग लावायचा आणि त्यावर तारीख, कोणी लावला आणि निर्णय कोण घेणार ते लिहायचं. ऑडिटला मी लाल टॅगची जागा आधी बघतो. टॅगवर सहा महिन्यांपूर्वीची तारीख असली की समजायचं, निवडलं पण पाखडलं नाही. आपल्या ताईंचं रिजेक्टचं पोतं ते हेच.

जालन्याहून
मास्तर, एक दुरुस्ती. रोजच्या जपानीत सेइकेत्सुचा अर्थ प्रमाणीकरण नाही, स्वच्छ, निर्मळ असणं. सेइसो म्हणजे झाडलोट, करायची क्रिया. सेइकेत्सु म्हणजे ती करून राहिलेली स्थिती. ‘स्टँडर्डाइज’ हा कारखान्यानं काढलेला अर्थ आहे, चुकीचा नाही पण नंतरचा. वाळूजकरांना चौथ्याचा अर्थ धड सांगता येईना, तो यामुळं. पोर आज अंगण झाडतं, हा तिसरा. कधीही गेलं तरी अंगण झाडलेलंच दिसतं, हा चौथा. मी याला ‘घडी’ म्हणेन. घडी बसली, घडी विस्कटली हे लाइनवरच्या कोणालाही समजतं.

बीडचा मास्तर
मान्य, पण ‘घडी’ला गुण कसे देणार? झाडलेलं आहे की नाही एवढंच डोळ्यांना दिसतं.

टूलरूम काका
कागद दिसतो ना. प्रत्येक मशीनला सफाईची चेकशीट अडकवलेली असते. मी एकदा 27 तारखेला गेलो होतो. शीटवर 31 पर्यंत टिक. एकाच पेनानं, एका दमात, सगळ्या टिकांचा कल सारखा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही टिक होती, त्या दिवशी मशीन कोणी पुसलं ते मलाही जाणून घ्यायचं होतं. मशीन मात्र लखलखीत. म्हणून तिसऱ्या भागाला 16 राहू दिले आणि चौथ्याला 14 चे 6 केले. मशीन त्या दिवसापुरतं पुसलेलं होतं, रीत बसलेली नव्हती.

दुसरी खूण म्हणजे ऑपरेटरला शीटकडं पाठ करून विचारायचं, “इथं काय साफ करता, कशानं, कधी?” तो सुपरवायझरकडं बघायला लागला की गुण कापा.

वाळूजकर
आणि शेवटचा? ‘शिस्त’ म्हटलं की आमच्याकडं लोकांना शिस्तभंगाची नोटीस आठवते.

जालन्याहून
शित्सुकेचा घरगुती अर्थ लेकराला वळण लावणं. शिवणकामात पक्की शिलाई होईस्तोवर कापड जागेवर धरणाऱ्या दोऱ्यालाही तोच शब्द आहे, आपला धावदोरा. मला ‘वळण’ आवडतं.

चिकलठाण्याची
‘वळण 20 पैकी 12’ वाचून फोर्कलिफ्टवाला म्हणेल, पुढं वळण आहे, हॉर्न द्या. 😄

टूलरूम काका
नाव काहीही ठेवा, गुण एका भेटीत देऊ नका. मागच्या ऑडिटच्या नोंदी हातात घेऊन जायचं. किती बंद झाल्या, किती तशाच आहेत, किती बंद होऊन परत उघडल्या. मी परत उघडलेलीला सर्वांत जड धरतो. आणि सांगून एकदा गेलात तर दुसऱ्यांदा न सांगता, दुसऱ्या पाळीत जा. दोन्हींच्या गुणांमधलं अंतर म्हणजेच पाचवा भाग.

वाळूजकर
मग निवड, ठावठिकाणा, झाडलोट, घडी, वळण असं लिहून बघतो. सुव्यवस्थेचा ठावठिकाणा मी केलाय, कारण त्या भागात आम्ही ‘10 नंबरचा पाना 30 सेकंदांत आणून दाखवा’ एवढंच तपासतो.

एक अडलंय. 63 टनाच्या प्रेसखाली रोज तेल सांडतं. रोज पुसतात, शीट खरी भरतात. गुण कुठं कापू?

चिकलठाण्याची
झाडलोटीत. तेल दिसतंय ना जमिनीवर.

टूलरूम काका
घडीत. पुसायची रीत बसली, सील बदलायची नाही बसली. आणि एक चूक एकाच ठिकाणी कापा, नाहीतर एका थेंबाला तीन भागांत मार.

लातूरची डाळवाली
मेंटेनन्सचे कापा की.

वाळूजकर
ताई, मेंटेनन्सचा रकानाच नाहीये या तक्त्यात.