मदत हवी आहे: पझेशन ६४ टक्के, ड्युएलही आमचेच जास्त, तरी ०-२ हरलो. तक्ता वाचायचा कसा?

टचलाइन: आमच्या फुटबॉल संघाचे आकडे एक जण व्हिडिओवरून काढून देतो. परवाच्या सामन्यात आमचे पास ५१२, त्यांचे २८८. पझेशन ६४-३६. ड्युएल आम्ही ४४ जिंकले, त्यांनी ३६. पहिला गोल अकराव्या मिनिटालाच खाल्ला, दुसरा सत्तराव्या. कोच म्हणतात, "खेळ आपलाच होता, नशीब नव्हतं." मला पटत नाहीये, पण मुद्दा मांडता येत नाही. कुठे बघू?

अर्धीरेषा: पझेशन बघूच नका, फालतू आकडा आहे. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये जपानने स्पेनला २-१ हरवलं, तेव्हा जपानकडे बॉल १८ टक्केसुद्धा नव्हता. शॉट मोजा, विषय संपला.

जुना_स्टॉपर: फालतू नाही, फक्त कशाचा आकडा आहे ते कळायला हवं. ५१२ आणि २८८ ची बेरीज ८००. ५१२ भागिले ८०० म्हणजे बरोबर ६४ टक्के. तुमच्या माणसाने घड्याळ लावलेलंच नाही, पासवरूनच पझेशन काढलंय. ऑप्टासारख्या मोठ्या कंपन्याही तसंच काढतात, त्यामुळे त्याचं चुकलं असं नाही. पण कोच ज्याला दोन पुरावे समजतायत तो एकच पुरावा दोनदा छापलेला आहे.

जपानचं म्हणाल तर त्यांचे दोन्ही गोल उत्तरार्धाच्या पहिल्या काही मिनिटांत झाले. पुढे जवळजवळ चाळीस मिनिटं ते लीड सांभाळत होते. लीड असलेला संघ बॉल सोडून मागे बसतो, मग समोरच्याचे पास आपोआप फुगतात. तुम्हीही अकराव्या मिनिटापासून मागे होतात. त्या माणसाकडून दोन गोष्टी मागवा: पहिल्या गोलपर्यंतचे पास वेगळे, आणि मैदानाचे तीन भाग करून कुठल्या भागात किती पास झाले ते.

कोपरा७: माझंही असंच झालं. मी सेंटर बॅक. एका सामन्यात ड्युएल फक्त तीन जिंकले म्हणून पुढच्या सामन्यात बाकावर. माझ्या बाजूने कोणी आलंच नाही त्याला मी काय करू?

टचलाइन: मागवले. गोलपर्यंत आमचे पास ४९, त्यांचे ५१! आणि त्यांच्या गोलकडच्या शेवटच्या भागात आमचे ९२ पास. आमच्या गोलकडच्या भागात त्यांचे ८१.

जुना_स्टॉपर: बघा, जिथून धोका होतो तिथला हिशेब ९२ विरुद्ध ८१, म्हणजे ६४ चे झाले ५३ टक्के. बाकीचा फरक तुमचे स्टॉपर एकमेकांना आणि कीपरला देत राहिले त्यातला. त्यांनी ते देऊ दिले, कारण त्यांना घाई नव्हती. मात्र पहिल्या अकरा मिनिटांवर फार वजन टाकू नका. एवढ्या वेळात एखादा लांबलेला थ्रो-इनही आकडा हलवतो.

आता ड्युएल. फाउल झाला की ज्याच्यावर झाला त्याला बहुतेक जण ड्युएल जिंकल्याचं धरतात. ते वगळून मोजा. आणि हेडर जिंकल्यावर बॉल कोणाकडे गेला ते तक्त्यात नसतं, त्याला व्हिडिओच लागेल.

टचलाइन: आमच्या ४४ पैकी १३ फाउलचे, त्यांच्या ३६ पैकी ४. म्हणजे उरले ३१-३२. आमचे बहुतेक फाउल मिळाले मध्यरेषेजवळ. आणि आमच्या स्ट्रायकरने ९ हेडर जिंकले, त्यातले आपल्या माणसाकडे गेले ३. बाकी ६ त्यांच्या मिडफिल्डरच्या पायात.

अर्धीरेषा: मग मी काय वेगळं म्हणत होतो? आकडे खोटेच.

जुना_स्टॉपर: खोटा एकही नाही. मध्यरेषेवर पाडून ते तुमचा हल्ला सुरू होण्याआधीच थांबवत होते, आणि तक्त्याने ते तुमच्या खात्यात जमा केलं. त्या सहा हेडरना तर मी जिंकलेले म्हणणारच नाही. दुसरा बॉल घ्यायला स्ट्रायकरजवळ कोणी नव्हतं, सरावात तिथे काम करा. आणि नुसते शॉट मोजून भागत नाही. मागे पडलेला संघ शेवटी लांबूनही मारत सुटतो.

कोपरा७, तीन या आकड्यावरून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. किती झाले त्यातले तीन, हे आधी विचार. चांगल्या जागी उभ्या असलेल्या स्टॉपरकडे स्ट्रायकर जातच नाही, आणि जागा सोडून पळालेल्याशीही ड्युएल होत नाही. तक्त्यात दोघेही सारखेच दिसतात.

कोपरा७: पाचपैकी तीन. पण एक गोल माझ्याच बाजूच्या क्रॉसवर झाला होता, ते सांगायचं राहिलं.

जुना_स्टॉपर: मग कोचकडे व्हिडिओ माग. त्या क्रॉसच्या वेळी तू कुठे होतास ते बघितल्याशिवाय मी तुझी बाजू घेणार नाही.

टचलाइन: कोचना ९२-८१ दाखवलं. म्हणाले, "९२ जास्तच आहेत ना?" आता?