स्क्रीनशॉट साठतात, पण कामाला येत नाहीत

> "स्वाइप फाइलमध्ये ४०० स्क्रीनशॉट आहेत, तरी लिहायला बसलं की पान कोरंच."

स्वाइप फाइल म्हणजे आवडलेल्या लिखाणाच्या नमुन्यांचा साठा. माझ्या मते इथे अडचण संख्येची नाही, नुसतं चित्र साठवण्याची आहे. महिन्याभराने ते उघडलं की त्यात काय आवडलं होतं तेच आठवत नाही. म्हणून मी साठवतानाच एक ओळ लिहिते: मी इथे का थांबले? आणि फोल्डर विषयानुसार न ठेवता कामानुसार ठेवते, म्हणजे सुरुवात, तुलना, शंकानिरसन असे. विषयानुसार लावलं की आपल्याच क्षेत्रातले नमुने समोर येतात आणि नकळत नक्कल होते.

कल्पनांची वही मात्र वेगळी हवी. तिच्यात फक्त वाचकांचे प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. बागकामावर लिहिताना तिच्यात एक प्रश्न होता, "रोज पाणी घालते, तरी पानं पिवळी का पडतात?" स्वाइप फाइलमध्ये हिशेबाच्या एका ॲपचा ईमेल होता आणि त्याखाली माझी नोंद, "आधी स्वतःची चूक सांगितली, कारण नंतर." दोन्ही शेजारी ठेवले आणि पहिलं वाक्य मिळालं: "मी रोज पाणी घालत होते आणि तेच चुकत होतं." पुढे मुळांना हवा न मिळण्याचं कारण आपोआप आलं. घेतला तो फक्त सांगण्याचा क्रम, त्या ईमेलमधला एकही शब्द नाही.

दर महिन्याला मी २० मिनिटं चाळणी करते. ज्या नमुन्याखाली "का थांबले" लिहिलेलं नाही आणि आता सुचतही नाही, तो सरळ काढून टाकते. पहिल्याच वेळी निम्म्याहून जास्त गेले.